विश्लेषण : मध्येच तुटलेली लिंक किंवा फोन क्रमांक का वापरू नये?

मोबाइलवर एसएमएस येतो. पाठवणारी संस्था ओळखीची असते, मजकूर मराठीत असतो आणि शेवटी निळ्या अक्षरांत वेब-पत्ता असतो. पत्ता मध्येच तुटलेला आहे हे पटकन लक्षात येत नाही. आले तरी ‘बघू तरी दाबून, नाही उघडले तर नाही’ असे म्हणून बोट पुढे जातेच. फोन क्रमांकाचेही तसेच. शेवटचा एखादा आकडा दिसत नसेल तर अंदाजाने लावून पाहणारे आपल्या घरातच सापडतील.

यामागे एक समजूत आहे. अर्धवट पत्ता फार तर चालणार नाही, त्याने नुकसान काय होणार, अशी ती समजूत. टपालाच्या पत्त्याबाबत ती बरोबर होती. पाकिटावर पिन कोड राहिला, गल्लीचे नाव अर्धे लिहिले, तरी पोस्टमन चार जणांना विचारून घर शोधत असे आणि नाहीच सापडले तर पत्र परत येत असे. इंटरनेट आणि टेलिफोनच्या जाळ्यात विचारपूस करणारा पोस्टमन नाही. तेथे जेवढी अक्षरे किंवा आकडे मिळतील तेवढ्यांनाच पूर्ण पत्ता मानले जाते. त्या पत्त्यावर कोणी राहत असेल, तर थेट त्याचेच दार उघडते.

संदेश तुटतो कसा?

एसएमएसच्या एका तुकड्यात १४० बाइट एवढीच जागा असते. इंग्रजी अक्षरांना प्रत्येकी सात बिट पुरतात, म्हणून त्यात १६० अक्षरे बसतात. देवनागरी अक्षराला सोळा बिट लागतात, म्हणून मराठी संदेशात फक्त ७० चिन्हे बसतात. संदेशात एक जरी देवनागरी अक्षर असले तरी संपूर्ण संदेशाला, त्यातील इंग्रजी वेब-पत्त्यालाही, हाच ७० चा हिशेब लागू होतो.

शिवाय मोजणी आपण वाचतो त्या अक्षरांची होत नाही. ‘त्रे’ हे आपल्यासाठी एक जोडाक्षर. फोनच्या दृष्टीने त, हलन्त, र आणि एकार अशी ती चार चिन्हे. मराठीत काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकाची वेगळी जागा धरली जात असल्याने सत्तर चिन्हे दहा-बारा शब्दांत संपून जातात.

संदेश त्याहून मोठा असेल, तर त्याचे भाग पाडून ते स्वतंत्रपणे पाठवले जातात. मग प्रत्येक भागाच्या आरंभी सहा बाइटची एक पट्टी जोडावी लागते. हे भाग कोणत्या संदेशाचे, एकूण किती आणि यातला कितवा, एवढेच त्या पट्टीत लिहिलेले असते. तिची जागा गेल्यावर मराठीसाठी प्रत्येक भागात ६७ चिन्हे उरतात. आपला फोन ही पट्टी वाचून भाग पुन्हा जोडतो आणि आपल्याला एकसंध संदेश दाखवतो.

बहुतेक वेळा हे सगळे सुरळीत होते. पण भाग स्वतंत्रपणे प्रवास करतात, म्हणून एक पोहोचतो आणि दुसरा रेंज नसल्याने किंवा वाटेतल्या एखाद्या यंत्रणेतील गोंधळामुळे अडकतो. काही फोन सगळे भाग येईपर्यंत थांबतात, तर काही हाती आलेला भाग तसाच दाखवून मोकळे होतात. कधी तर पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्येच अक्षरमर्यादा घातलेली असते आणि पुढचा मजकूर निघण्यापूर्वीच छाटला जातो. महत्त्वाचे हे की ही कात्री शब्द पाहून चालत नाही. सदुसष्टावे चिन्ह जेथे येईल तेथे ती पडते, मग तेथे वाक्याचा शेवट असो की पत्त्याचा मध्य.

एक उदाहरण मोजून पाहू

समजा, एका पतसंस्थेने सभासदांना पुढील संदेश पाठवला. संस्थेचे नाव आणि पत्ता अर्थातच काल्पनिक आहे.

```
आपली कागदपत्रे अपूर्ण आहेत. ३१ तारखेपूर्वी https://amuk-sanstha.co.in/kyc वर भरा.
```

हा संदेश ८१ चिन्हांचा आहे. सत्तरच्या वर गेल्यामुळे त्याचे दोन भाग होतील, पहिला ६७ चिन्हांचा आणि दुसरा १४ चिन्हांचा. पहिल्या भागात ‘तारखेपूर्वी’ आणि त्यापुढची मोकळी जागा येईपर्यंत ४३ चिन्हे होतात. `https://` ची आठ धरून ५१, संस्थेच्या नावाची बारा धरून ६३, `.co` धरून ६६. सदुसष्टावे चिन्ह आहे त्यापुढचा टिंब. म्हणजे दुसरा भाग आला नाही, तर सभासदाला दिसेल ते असे :

```
आपली कागदपत्रे अपूर्ण आहेत. ३१ तारखेपूर्वी https://amuk-sanstha.co.
```

हे वाक्य तुटलेले वाटतच नाही. पत्ता `.co` वर संपला आहे आणि त्यापुढचा टिंब पूर्णविरामासारखा दिसतो. फोनही सहसा तो पूर्णविराम समजून बाजूला ठेवतो आणि `amuk-sanstha.co` एवढ्याची निळी लिंक बनवतो. ‘भरा’ हे क्रियापद नाही, एवढीच काय ती खूण उरते. पण घाईत संदेश वाचणारा माणूस क्रियापद मनातच भरून घेतो.

आता पाहा. `.co.in` हा भारतातील पत्ता, तर नुसता `.co` हा कोलंबिया या दक्षिण अमेरिकी देशासाठी राखलेला शेवट. तो २०१० पासून जगातील कोणालाही नोंदवण्यासाठी खुला आहे. पतसंस्थेने `amuk-sanstha.co.in` घेतले म्हणून `amuk-sanstha.co` तिच्याकडे आपोआप येत नाही. ते नाव दुसरा कोणीही रीतसर पैसे भरून घेऊ शकतो. तो एखादा प्रामाणिक व्यापारी असेल, नाव अडवून ठेवणारा दलाल असेल किंवा मूळ संस्थेसारखेच पान बनवून सभासदांची वाट पाहणारा भामटा असेल. कदाचित ते नाव कोणीच घेतलेले नसेल आणि पान उघडणारच नाही. नेमके काय, हे लिंक दाबण्यापूर्वी आपल्याला कळत नाही.

असे शेवट आणखी आहेत. `.com` चे शेवटचे अक्षर गेले की पुन्हा `.co` उरते. `.info` ची शेवटची दोन अक्षरे गेली तर `.in` उरते, म्हणजे भारताचा शेवट. `.net` मधून `.ne` उरते आणि ते नायजर या देशाचे आहे. याउलट `.gov.in` तुटून `.gov` राहिले, तर तो शेवट अमेरिकी सरकारी यंत्रणांसाठीच राखीव असल्याने भामट्याला तेथे शिरकाव नाही. पण कोणता तुकडा निरुपद्रवी आणि कोणता घातक याचे कोष्टक पाठ करून कोणी संदेश वाचत नाही.

नाव त्याच्याही आधी तुटले, समजा `amuk-sanst` एवढेच हाती आले, तर ब्राउझर त्याला पत्ता न मानता शोधशब्द मानतो. मग समोर येतात शोधाचे निकाल, आणि त्यात वरच्या जागा अनेकदा जाहिरातींच्या असतात. आपण संस्थेच्या संदेशावरून निघालो, म्हणून जे उघडेल ते संस्थेचेच, असे मन धरून चालते.

नावानंतरचा भाग तुटला तर?

पत्त्यातील संस्थेचे नाव शाबूत आहे आणि तिरप्या रेघेनंतरचा मजकूर तुटला आहे, ही त्यातल्या त्यात बरी अवस्था. दार तरी योग्य घराचे असते. बहुधा ‘पान सापडले नाही’ असा निरोप येतो किंवा मुखपृष्ठ उघडते. पण पत्त्याच्या शेवटी ग्राहक क्रमांक किंवा पावती क्रमांक असेल तर सावध राहावे. `?id=48213` मधील शेवटचा आकडा गळाला की `?id=4821` उरते, आणि तो क्रमांक दुसऱ्या एखाद्या खऱ्या ग्राहकाचा असू शकतो. चांगल्या यंत्रणा अशा लिंकमध्ये सहज ओळखता न येणारा सांकेतिक मजकूर घालतात आणि तो जुळला नाही तर पान दाखवत नाहीत. सगळ्याच यंत्रणा एवढ्या चांगल्या नसतात. बिल भरले, पण दुसऱ्याचे, असा घोटाळा मग पैसे गेल्यावर आठवड्याने उलगडतो.

आखूड केलेल्या लिंकची गोष्ट वेगळी. तिथे तिरप्या रेघेनंतर पाच-सात अक्षरांचा संकेत असतो आणि कुठे जायचे हे सर्वस्वी त्या संकेतावर ठरते. त्यातले एक अक्षर गेले तर उरलेला संकेत दुसऱ्या कोणाच्या तरी लिंकचा असू शकतो. नाव मात्र तेच दिसते, कारण ते लिंक आखूड करून देणाऱ्या सेवेचे नाव असते, संदेश पाठवणाऱ्याचे नव्हे.

फोन क्रमांक तुटला तर नेमके काय होते?

भारतातील मोबाइल क्रमांक दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. नऊच आकडे आले तर क्रमांक लागत नाही, ही सुदैवाची गोष्ट. अडचण पुढे असते. ‘शेवटचा आकडाच नाही ना, लावून बघू’ म्हणणाऱ्यासमोर दहा पर्याय असतात आणि त्यांतले नऊ चुकीचे. दोन आकडे गेले असतील तर शंभरातले नव्व्याण्णव चुकीचे. ते चुकीचे क्रमांक रिकामे नसतात, बहुतेकांच्या मागे कोणीतरी राहणारा माणूस असतो.

यात एक तांत्रिक मेख आहे. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा हा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. बँकेच्या कार्डावरील क्रमांकाचेही तसेच. त्यामुळे एक आकडा चुकला की यंत्र ‘हा क्रमांक बरोबर नाही’ असे लगेच सांगू शकते. मोबाइल क्रमांकात असा पडताळणीचा आकडा नाही. वेब-पत्त्यातही नाही. म्हणून चुकीचा क्रमांक आणि बरोबर क्रमांक यांत फोनला फरक करता येत नाही. दहा आकडे झाले की तो घंटी वाजवतो.

सर्वांत फसवा तुकडा मात्र दहा आकड्यांचाच असतो. अनेक ठिकाणी क्रमांक देशाच्या संकेतासह, पण अधिकचे चिन्ह न लावता लिहिला जातो, म्हणजे असा :

```
9198XXXXXXXX
```

हे बारा आकडे झाले. पहिले दोन भारताचा संकेत आणि पुढचे दहा खरा क्रमांक. आता एखाद्या अर्जाच्या चौकटीत, छापील पावतीवर किंवा याद्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दहाच आकड्यांची जागा असेल आणि त्याने डावीकडून दहा आकडे घेऊन बाकीचे टाकले, तर उरते :

```
9198XXXXXX
```

दहा आकडे, पहिला ९. कोणत्याही नियमाने हा मोबाइल क्रमांकच दिसतो आणि तसा तो असूही शकतो, फक्त दुसऱ्या माणसाचा. ९१ ने सुरू होणारे खरे मोबाइल क्रमांकही असल्यामुळे नुसते पाहून खात्री करता येत नाही. तरीही संपर्कासाठी दिलेला क्रमांक ९१ ने सुरू होत असेल आणि त्यानंतर लगेच ओळ, चौकट किंवा संदेश संपत असेल, तर थांबून शंका घेणे शहाणपणाचे. याद्या बनवणाऱ्यांसाठी यावर साधा उपाय आहे. दहा आकडे घ्यायचे तर उजवीकडून घ्यावेत.

टोल-फ्री क्रमांकांत वेगळाच घोळ आहे. १८०० नंतर सात आकडे असलेला अकरा आकडी क्रमांक आपल्या परिचयाचा. पण काही बँकांचे टोल-फ्री क्रमांक १८०० नंतर चारच आकड्यांचे, म्हणजे एकूण आठ आकडी आहेत. त्यामुळे अकरातले तीन आकडे गळून आठ उरले, तरी तो क्रमांक तोकडा वाटत नाही. मोबाइल क्रमांकासारखी ठरलेली लांबी इथे मदतीला येत नाही.

आणि क्रमांक पुढून तुटला तर? पुण्याचा लँडलाइन क्रमांक ०२० आणि त्यापुढे आठ आकडे असा असतो. मुंबईचा ०२२ आणि त्यापुढे आठ आकडे. पुण्याच्या क्रमांकातील ०२० गळले आणि मुंबईच्या घरातील लँडलाइनवरून कोणी ते आठ आकडे फिरवले, तर घंटी मुंबईतच कोणाकडे तरी वाजते. चुकून लागलेल्या फोनचा वैताग लँडलाइनच्या काळात प्रत्येक घराने सोसला आहे. आता त्यात भर एवढीच की फोन लावणारा अनेकदा पलीकडच्याला संस्थेचा माणूस समजून आपला खाते क्रमांक, जन्मतारीख किंवा आजाराची माहिती सांगून मोकळा झालेला असतो.

संदेश पूर्ण आहे, पण दिसतो अर्धाच

काही वेळा संदेश तुटलेला नसतो, दाखवताना कापलेला असतो. कुलूपबंद पडद्यावरील सूचना, संदेशांची यादी, मनगटावरील घड्याळ यांत पहिली ओळ-दीड ओळ दिसते आणि पुढे तीन टिंब येतात. त्या तीन टिंबांचा अर्थ ‘पुढे आणखी आहे’ एवढाच. ते वाचून कोणी क्रमांक कागदावर उतरवतो, कोणी त्याच पडद्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो. फोटोतला क्रमांक दाबता येत नाही, म्हणून तो डोळ्यांनी वाचून टाइप केला जातो. रक्तदात्याची गरज असल्याचे असे कापलेले फोटो ग्रुपवर फिरताना या लेखकाने पाहिले आहेत. खाली ‘शेवटचा आकडा ४ असावा’ अशी कोणीतरी भर घातलेली असते. ज्याला रक्त हवे आहे त्याच्यापर्यंत त्यातला एकही फोन पोहोचत नाही.

दाखवण्याच्या या कात्रीचा फायदा भामटे जाणूनबुजून घेतात. फोनचा पडदा अरुंद असल्याने लांबलचक वेब-पत्त्याचा आरंभ तेवढा दिसतो. समजा दिसते आहे ते असे :

```
https://amuk-sanstha.co.in.k…
```

नाव ओळखीचे, शेवट ओळखीचा. पुढे काहीतरी असेल म्हणून आपण लिंक दाबतो. पूर्ण पत्ता मात्र हा असतो :

```
https://amuk-sanstha.co.in.kyc-bharane.example/login
```

वेब-पत्त्याचा मालक उजवीकडून ठरतो. `https://` नंतर पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा मजकूर घ्यायचा आणि त्यात सर्वांत उजवीकडे काय आहे ते पाहायचे. वरच्या पत्त्याचा मालक `kyc-bharane.example` हे नाव घेणारा माणूस आहे. त्याच्या डावीकडे तो हवे ते नाव लिहू शकतो, कोणाची परवानगी लागत नाही. म्हणजे पत्त्यातला ओळखीचा भाग दिसत होता आणि मालक कोण हे सांगणारा भाग तीन टिंबांमागे लपला होता. इथे तुकड्यावर लिंक दाबणे धोक्याचे आहेच, पण तुकडा पाहून ‘पत्ता बरोबर दिसतोय’ असा निर्वाळा देणे त्याहून धोक्याचे. असा निर्वाळा घरातील जाणती मुले आईवडिलांना सर्रास देतात.

वृत्तपत्रेही यातून सुटलेली नाहीत. स्तंभाची रुंदी कमी पडली की वेब-पत्ता दोन ओळींत तुटतो आणि पहिल्या ओळीच्या शेवटी जोडरेघ येते. `amuk-` एका ओळीत आणि `sanstha.co.in` दुसऱ्या ओळीत आले, तर ती जोडरेघ पत्त्यातली की छपाईची, हे वाचकाने कसे ठरवायचे? `amuksanstha.co.in` हा जोडरेघ नसलेला पत्ता पूर्णपणे वेगळा आहे आणि वेगळ्या कोणाचा असू शकतो.

नोंदणीकृत संस्थेचा संदेश असेल तर?

येथे अनेकांची गफलत होते. व्यावसायिक संदेश पाठवण्यासाठी संस्थांना आपले नाव आणि मजकुराचा साचा दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावा लागतो. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातील वेब-पत्त्यांनाही पूर्वनोंदणी सक्तीची झाली. नोंद नसलेला पत्ता असलेला संदेश पुढे जाऊ द्यायचा नाही, असा हा नियम आहे. चांगला नियम आहे आणि त्यामुळे बराच कचरा अडतो.

पण ही तपासणी संदेश निघताना होते, आणि ती पूर्ण पत्त्याची होते. आपल्या उदाहरणात तपासला गेला तो `amuk-sanstha.co.in`. वाटेत दुसरा भाग हरवल्यावर सभासदाच्या पडद्यावर जो `amuk-sanstha.co` उरला, तो कोणीच तपासलेला नाही. पाठवणाऱ्याचे नाव खरे आहे, संदेश खरा आहे आणि तरीही निळ्या अक्षरांतली लिंक परक्याची आहे. खऱ्या संस्थेवरचा विश्वास त्या तुकड्याला फुकटात मिळतो, म्हणूनच तो अनोळखी क्रमांकावरून आलेल्या बनावट संदेशापेक्षा जास्त गाफील पकडतो. पत्त्यापुढे दिसणारे कुलपाचे चिन्हही येथे उपयोगाचे नाही. आपला फोन आणि ते पान यांच्यामधली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढेच ते चिन्ह सांगते. पान कोणाचे आहे हे ते सांगत नाही.

मग करायचे काय?

आधी संदेश पूर्ण उघडून पाहावा. सूचनेत दिसलेल्या मजकुरावर कृती करू नये. उघडल्यावरही वाक्याला क्रियापद नसेल, पत्त्यानंतर काहीच मजकूर नसेल किंवा थोड्या वेळाने `in/kyc वर भरा.` असा बिनबुडाचा दुसरा संदेश आला, तर पहिला तुटला आहे हे नक्की समजावे. असे दोन तुकडे हाताने जोडण्याचा मोह टाळावा. मध्ये तिसरा भाग होता की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते.

तुटलेला पत्ता दुरुस्त करण्यापेक्षा तो सोडून द्यावा आणि संस्थेकडे आपल्या नेहमीच्या वाटेने जावे. पासबुक, जुने बिल, कार्डाची मागची बाजू, आधीपासून फोनमध्ये असलेले अ‍ॅप किंवा सरळ शाखेची पायरी, यांपैकी काहीही चालेल. हरवलेला क्रमांक गूगलवर शोधणे हा मात्र उपाय नव्हे. शोधाच्या निकालांत ग्राहक सेवेचे बनावट क्रमांक पेरलेले असतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या फसवणुकीविषयीच्या पुस्तिकेतही दिला आहे. मजकूर ओळखीच्या माणसाने पुढे पाठवला असेल, तर त्याच्याकडे फोटो नव्हे, मूळ संदेश मागावा.

चुकून लिंक दाबली गेली असेल तर घाबरून जाऊ नये. नुसते पान उघडल्याने सहसा खाते रिकामे होत नाही. नुकसान होते ते त्या पानावर पासवर्ड, कार्डाचा तपशील किंवा ओटीपी भरल्याने, अथवा तेथून एखादे अ‍ॅप उतरवून घेतल्याने. यातले काही झालेले नसेल तर पान बंद करावे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा आणि बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती अडवण्याची शक्यता असते.

दोष फक्त वाचकाचा आहे का?

नाही. वर दिलेला संदेश रोमन लिपीत लिहिला असता तर ९० च्या आत अक्षरे झाली असती आणि एकाच तुकड्यात गेला असता. मराठीत त्याचे दोन तुकडे होतात आणि घाऊक एसएमएसचा आकार तुकड्यांवर असल्याने खर्च दुप्पट होतो. परिणामी संस्था एक तर इंग्रजीत लिहितात, नाही तर रोमन लिपीतली अवघडलेली मराठी वापरतात, किंवा देवनागरीत लिहून संदेश कुठे तुटतो याकडे पाहत नाहीत. तिन्हींत त्रास होतो तो मराठीच वाचणाऱ्या ग्राहकाला. मराठीत संदेश पाठवला म्हणजे भाषेचे कर्तव्य झाले, असे मानणाऱ्या कार्यालयांनी सदुसष्टावे चिन्ह कोठे पडते हे एकदा बोटाने मोजून पाहावे.

उपाय खर्चाचा नाही, मांडणीचा आहे. पत्ता आणि क्रमांक वाक्याच्या आरंभी ठेवला, तर कात्री पडलीच तरी ती मजकुरावर पडते, पत्त्यावर पडत नाही. शिवाय ‘आपली… अपूर्ण आहेत’ सारखी प्रस्तावना गाळली की बहुतेक संदेश सत्तरच्या आत बसतात. पतसंस्थेचा तोच संदेश असा लिहिता येतो :

```
https://amuk-sanstha.co.in/kyc येथे ३१ तारखेपूर्वी कागदपत्रे भरा.
```

मोजून पाहावे, ही ६५ चिन्हे आहेत. देवनागरीत, एकाच तुकड्यात आणि एकाच संदेशाच्या खर्चात.